नुसत्या डायरीच्या पानाचा फोटो आला, पुढं काहीच लिहिलेलं नाही, तर आधी काय करायचं?

गेल्या काही महिन्यांत मला हा प्रश्न सारखा येतोय. मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते, जास्त करून कॉलेजची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडं येतात, पण हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, त्यांच्या आजूबाजूची माणसं विचारतात. मैत्रिणीनं रात्री डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. आता काय करू? भावानं पाठवला आणि ऑफलाइन गेला. आता काय करू?

पूर्वी असं व्हायचंच नाही, कारण डायरी कपाटात असायची आणि ती दुसऱ्याला दाखवायची तर त्या माणसासमोर जाऊन बसावं लागायचं. आता पान तेवढं येतं, माणूस येत नाही. आवाज नाही, चेहरा नाही, आणि आपल्या हातात कुणाच्या तरी आतलं सगळं उघडं पडलेलं. म्हणून एक प्रसंग घेऊन सगळं नीट सांगते. प्रसंगातल्या दोघींनी हे लिहायला हो म्हटलंय, आणि पानावरचे शब्द व बाकीच्या खुणा मी बदलल्यात.

त्या रात्री काय आलं होतं

आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत, मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे त्यांचं. त्यांची भाची गडहिंग्लजकडची, बावीस वर्षांची, इथंच रूम घेऊन राहते आणि दिवसभर अभ्यासिकेत बसते. एका रात्री अकरा चाळीसला तिच्याकडून अक्कांना फोटो आला. वहीचं एक पान, निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, दोन ओळी गिरवून खोडलेल्या, आणि खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा, त्याच्याखाली अजून दोन-तीन ओळी झाकल्या गेलेल्या.

पानावर साधारण असं होतं: आज परत आईचा फोन कट केला. लेक्चर चालू आहे म्हणून खोटंच कळवलं. नंतर तासभर तोच फोन हातात धरून बसले. मार्क सांगायचं धाडस होत नाही. दोन दिवस डबा तसाच परत जातोय. कुठंतरी निघून जावंसं वाटतं. माझ्याशिवाय सगळ्यांचं बरंच चालेल.

पावणेबाराला अक्कांचा मला फोन. "मी घाबरलोच की ओ ताई. बहिणीला लावू का फोन? का तिलाच विचारू, हे काय लावलंयस म्हणून?" आणि मग, "थांबा, तुम्हालाच पाठवतो फोटो."

मी म्हटलं, अक्का, फोटो मला पाठवू नका. तिनं तो तुम्हाला पाठवलाय. जीवाच्या धोक्याची शंका येईल असं एखादं वाक्य असेल तर तेवढंच मला वाचून दाखवा. त्यांनी शेवटची दोन वाक्यं वाचली, बाकीचं पान मी त्या रात्री बघितलंच नाही, आणि मदत करायला तेवढं पुरलं.

आधी पाणी, मग काम

आपल्याकडं दारात कुणी आलं, त्यातून उन्हातून चालत आलेलं असलं, की आपण आधी तांब्याभर पाणी देतो. जमलं तर गुळाचा खडा. मग टेकू देतो, आणि मग विचारतो, काय काम काढलंत? दारातच "काय पाहिजे?" असं कुणी विचारत नाही. प्रश्न तोच असतो, पण पाण्याआधी विचारला तर हाकलल्यासारखा लागतो आणि पाण्यानंतर विचारला तर आपुलकीचा.

डायरीच्या पानाचंही हेच आहे. "तुला माझ्याकडून काय हवंय?" हा प्रश्न विचारायचाच आहे, तो न विचारता स्वतःच ठरवून कामाला लागणं ही त्याहून मोठी चूक. पण तो पहिला प्रश्न नाही. त्याच्याआधी एक-दोन वाक्यं लागतात, ज्यातून समोरच्याला कळतं की पान पोचलं, नीट वाचलं गेलं आणि सांभाळून ठेवलंय.

ह्याला आमच्या कामात रिफ्लेक्शन म्हणतात. समोरच्यानं जे म्हटलं तेच, आपलं काही न मिसळता, त्याला परत ऐकवायचं. सल्ला नाही, अर्थ लावणं नाही. अक्कांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, गिऱ्हाइकानं कापड टाकलं की तुम्ही लगेच कात्री लावता काय? आधी टेप लावून आकडा मोठ्यानं म्हणता, गिऱ्हाईक हो म्हणतं, मग वहीत लिहिता. तसंच.

माणूस नुसतं पानच का पाठवतो

कारण बोलून झालेलं असतं. जे सांगायचं ते त्यानं कागदावर एकदा सांगितलंय, आता तेच परत मेसेजमध्ये टाईप करायची ताकद उरलेली नसते, आणि फोटो काढायला एक सेकंद लागतो. काही जणांना तर आपल्याला नक्की काय हवंय हेच माहीत नसतं, एवढंच हवं असतं की हे कुणीतरी बघितलं पाहिजे. म्हणून "काय करू याचं?" असा प्रश्न आला की ती अडकतात आणि "काही नाही, चुकून गेलं" म्हणून फोटो डिलीट करतात. चुकून गेलेलं नसतंच बहुतेक वेळा.

अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग छापला, त्यात कॉलेजच्या मुलांना सलग ४ रात्री रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींना साधे विषय दिले आणि काहींना स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टींबद्दल. ज्यांनी त्रासदायक प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिलं त्यांना पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं, म्हणून लिहिणं चांगलं, एवढंच सगळीकडं सांगितलं जातं. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की लिहून उठल्या उठल्या त्या मुलांना जास्त उदास वाटत होतं. फायदा दिसला तो नंतर. पुढच्या अभ्यासांमध्ये हा फायदा कधी थोडा दिसला, कधी दिसलाच नाही, त्यामुळं डायरी म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही, पण तो पहिला भाग मला माझ्या कामात रोज दिसतो. लिहून पेन खाली ठेवतानाचा क्षण सगळ्यात कच्चा असतो, आणि फोटो नेमका त्याच क्षणी काढलेला असतो.

म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पानावरचा सूर हा त्या माणसाचा दिवसभराचा सूर असेलच असं नाही. आणि उत्तर ज्या घडीला पोचतं त्या घडीला तो माणूस पान लिहायच्या आधीपेक्षा जास्त हळवा असू शकतो, त्यामुळं एरवी चालून गेला असता असा "वेडी आहेस काय" सुद्धा तेव्हा लागतो.

फोटो कसा वाचायचा

सगळ्यात आधी तारीख बघा. पानावर तारीख असते किंवा डायरीचीच छापील तारीख असते. मला एकदा एका मुलाचा घाबरलेला फोन आला, मित्राचं पान आलंय म्हणून, आणि ते पान निघालं तीन वर्षांपूर्वीचं, मित्र जुन्या वह्या आवरत होता आणि बघ मी किती लांब आलो असं त्याला म्हणायचं होतं. तारीख नसेल तर गृहीत धरू नका, "हे आजचं आहे का?" हे नंतर साधेपणानं विचारता येतं.

मग एकदा सावकाश वाचा, आणि वाचताना जे दाखवलंय तेवढंच वाचा. खोडलेल्या ओळी झूम करून लावायचा प्रयत्न करू नका. शेजारचं पान अर्धं दिसत असेल, पातळ कागदातून मागच्या बाजूचं उलटं उमटलेलं दिसत असेल, तर ते तुमच्यासाठी नाही. अंगठा चुकून आला का मुद्दाम ठेवला हे आपल्याला कळत नाही, म्हणून अंगठ्याखाली काय आहे हेही विचारायचं नाही. अक्कांना ते फार विचारावंसं वाटत होतं, मी नको म्हटलं. पानावर दुसऱ्या कुणाची नावं असतील, त्या माणसांनी तर तुम्हाला काहीच पाठवलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दलची चौकशी पण बाजूला ठेवा.

अक्षर, शुद्धलेखन, "किती छान लिहितेस गं" हे तर अजिबात नको. ह्याबद्दल माझ्याशी बरेच जण वाद घालतात, कौतुक केलं तर बिघडलं कुठं म्हणतात. बिघडतं असं की तिनं दुखणं दाखवलं आणि तुम्ही कागद बघितला.

वाचताना मनात दोन गोष्टी बाजूला काढा. एक म्हणजे असा एखादा तपशील ज्यावर सगळं पान उभं आहे. दुसरी, जीवाच्या धोक्याकडं बोट दाखवणारं एखादं वाक्य आहे का. ह्या पानात पहिली गोष्ट होती फोन कट करून तोच फोन तासभर हातात धरणं, आणि दुसरी होती ते शेवटचं वाक्य.

पहिलं उत्तर

ब्लू टिक झाली की समोर घड्याळ सुरू होतं. वाचून अर्धा तास शांतता राहिली तर ती मुलगी त्या अर्ध्या तासात स्वतःच उत्तर बनवते, आणि ते तिच्या विरोधातलंच असतं. म्हणून लांबलचक चांगलं उत्तर शोधत बसू नका, छोटं आणि लवकर लिहा.

अक्कांनी आधी टाईप केलेलं मला वाचून दाखवलं. "असं काय लिहितेस बाळा, तू किती हुशार आहेस, एका परीक्षेनं काय होतंय, सगळं चांगलं होईल, देवावर विश्वास ठेव." ह्यातलं एकेक वाक्य मायेचं आहे, मला ते कळतं. पण पानावर परीक्षेपेक्षा आईचा फोन मोठा होता, आणि ह्या उत्तरात तो कुठंच नाही. शिवाय "असं काय लिहितेस" म्हटल्यावर पुढचं पान येत नाही.

मग त्यांनी हे पाठवलं: "पान वाचलं गं सगळं. आईचा फोन कट केलास आणि मग तोच फोन तासभर हातात धरून बसलीस, हे वाचून मला लई लागलं. मी जागी हाय. हे मी कुणाला दाखवलेलं नाही."

शेवटच्या वाक्यावर आमचं थोडं बोलणं झालं. अक्कांना लिहायचं होतं, कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, आत्तापर्यंत दाखवलं नाही हे खरं आहे, ते लिहा. पुढचं वचन देऊ नका, कारण दोन मिनिटांनी तिनं काही भयंकर सांगितलं तर तुम्हाला कुणालातरी सांगावंच लागेल आणि मग तुम्ही खोट्या पडाल. "तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, फक्त तुझ्या जीवाला धोका वाटला तर थांबणार नाही" एवढं मात्र कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकतं, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजात म्हटलेलं बरं.

पण सरळ मरणाचं विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होत नाही का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अक्कांनीही विचारला. उत्तर आहे, नाही. ह्यावर बरेच अभ्यास झालेत आणि विचारल्यामुळं असा विचार नव्यानं आला असं त्यांत दिसलेलं नाही, उलट काही जणांना विचारल्यावर हलकं वाटतं, कारण जे बोलता येत नव्हतं ते दुसऱ्यानं बोलून टाकलं.

फक्त आडून विचारू नका. "काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" ह्या प्रश्नात उत्तर आधीच सांगितलेलं आहे, समोरचा नाही म्हणणार. पानावरचं वाक्य तसंच्या तसं घ्या आणि सरळ विचारा. "निघून जावंसं वाटतं" ह्याचा अर्थ रूम सोडून जाणं असू शकतो, कोल्हापूर सोडून जाणं असू शकतो, आणि जीव देणंही असू शकतो. फोटोतून हे ओळखता येत नाही, मलाही येत नाही, कितीही वर्षं काम केलं तरी. विचारूनच कळतं.

अक्कांनी लिहिलं: "माझ्याशिवाय सगळ्यांचं बरंच चालेल असं लिहिलंयस. जीव द्यायचा विचार येतोय काय मनात? काहीही असू दे, मी चिडणार नाही, खरं सांग."

सहा मिनिटं काही आलं नाही. मी त्यांना सांगून ठेवलेलं, दहा मिनिटं झाली तर फोन लावायचा, उचलला नाही तर रूममेटला किंवा घरमालकीणबाईंना लावायचा, आणि तेवढ्यात मी तिच्या रूमकडं निघते. सातव्या मिनिटाला उत्तर आलं. "नाही गं मावशी. मरायचं नाही मला. घरी यायचंय, पण तोंड कसं दाखवू."

आणि उत्तर हो आलं असतं तर

तर पुढचं सगळं बाजूला. तेव्हा विचारायचं की कसं करायचं काही ठरवलंयस का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, आणि आजच का. ठरवलंय, जवळ आहे आणि आज, अशी उत्तरं आली तर त्या माणसाला एक मिनिट एकटं ठेवायचं नाही. फोनवर बोलत राहायचं, दुसऱ्या फोनवरून रूममेटला जवळ पाठवायचं, जवळची वस्तू लांब करायला सांगायची, ११२ ला फोन करायचा किंवा थेट दवाखान्यात घेऊन जायचं, आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर हा सरकारी दवाखाना रात्रीही चालू असतो. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं, आणि त्रासात असलेल्यानंच करावा असं काही नाही, त्याच्यासाठी घाबरलेल्या मावशीनंही फोन केला तरी चालतो.

नुसता विचार येतो पण ठरवलं काहीच नाही, असं उत्तर आलं तरी ते हलकं घ्यायचं नाही. रात्र कुणाबरोबर तरी काढायची आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचार डॉक्टरांना भेटायचं हे त्याच बोलण्यात पक्कं करायचं.

आता विचारा, काय हवंय

आता पाणी पिऊन झालंय. पान पोचलं हे तिला कळलंय, धोका नाही हे आपल्याला कळलंय. आता तो प्रश्न. पण तोही मोकळा सोडू नका, कारण "सांग, काय करू तुझ्यासाठी?" ह्याला थकलेला माणूस "काही नाही" म्हणतो. दोन-तीन वाटा दाखवा आणि न निवडायची सोय ठेवा.

अक्कांचा मेसेज: "मी हे नुसतं वाचावं असं होतं काय तुझ्या मनात, का बोलायचंय, का मी काहीतरी करायला पाहिजे? आत्ता नाही सांगितलंस तरी चालतंय, उद्या सांग."

इथं थांबा आणि विचार करा, आपल्याला काय वाटलं असतं? अक्कांना वाटत होतं तिला धीर हवा. मला वाटत होतं तिला फक्त कुणीतरी ऐकायला हवं. दोघीही चुकलो. तिचं उत्तर आलं, "आईला मार्क तू सांग. माझ्यानं नाही होणार. बाकी काही नको."

तिला निरोप्या हवा होता. धीर देऊन तिचं काम झालं नसतं, आणि अक्कांनी पावणेबारालाच बहिणीला फोन लावला असता तर तेच काम झालं असतं खरं, पण ते तिच्या पाठीमागं झालं असतं आणि सोबत डबा परत जातोय, खोटं बोलली, निघून जावंसं वाटतं, हे सगळं गेलं असतं. म्हणून अक्कांनी अजून एक विचारलं, जे मी सुचवलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं: "काय सांगू आणि काय नको, ते पण सांग." ती म्हणाली, मार्क सांग, मी रडते हे सांग, जेवणाचं नको, आई रात्रीच एसटी पकडून येईल.

आईपासून लपवायचं म्हणजे? आईचा हक्क नाही का?

हा राग मला कळतो. मीही आई आहे. पण कळवणं आणि पान दाखवणं ह्यात फरक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ मध्ये उपचार करणाऱ्यांसाठी गोपनीयतेचा नियम आहे, आणि जीवाला धोका असेल तिथं अपवाद आहे, पण अपवादातही धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची असं म्हटलंय. हा कायदा मावशीला किंवा मैत्रिणीला लागू नाही, पण "लागेल तेवढीच" हे माप घरातही वापरायला चांगलं आहे. मुलगी संकटात असेल तर आईला कळलंच पाहिजे की ती संकटात आहे. तिनं आईबद्दल रागात कागदावर काय लिहिलं, हे कळून आईला मदत करता येत नाही, दोघींना फक्त ते वाक्य जन्मभर आठवत राहतं.

जेवणाचं मात्र अक्कांनी सोडलं नाही. दोन दिवस पोटात काही नाही हे त्यांना झेपेना, आणि ते आईला न सांगता करता येण्यासारखं होतं. सकाळी त्या स्वतः डबा घेऊन अभ्यासिकेच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. पानाबद्दल एक शब्द काढला नाही, एवढंच म्हणाल्या, "गरम हाय तोवर खा."

पान पाठवणाऱ्याचं नसेल तर

ह्याबद्दल थोडंच लिहिते, पण हे फार होतं. पालक मुलांची डायरी उघडतात, फोटो काढतात आणि मला पाठवतात, वाचून सांगा हिचं काय चाललंय. अशा वेळी फोटो पाठवणारा एक आणि मन दुसऱ्याचं. तेव्हा मी पान पुढं वाचत नाही. पाठवणाऱ्या आईला विचारते, कशानं एवढी काळजी वाटली की वही उघडावी लागली? त्या उत्तरात जे असतं, झोपत नाही, बोलत नाही, हातावर जखमा दिसल्या, त्यावर काम करता येतं. धोक्याचं वाक्य वाचलं असेल तर तेवढं त्या सांगतातच आणि मग वर लिहिलेली वाट तीच. बाकी मुलीला "मी तुझी वही वाचली" हे आईनंच सांगायला हवं, आणि तिला दुसरीकडून कळायच्या आत.

फोटोचं काय करायचं

हे कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम सांगते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बहुतेक वेळा आपोआप गॅलरीत जातो. तिथून गूगल फोटोजवर त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर तिकडं, आणि घरात एकच अकाउंट दोन फोनवर असेल तर दुसऱ्या फोनवर पण. अक्कांचा फोन दुपारी त्यांचा नातू घेऊन बसतो. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून आम्ही त्या चॅटच्या सेटिंगमध्ये जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली, म्हणजे इथून पुढं तिनं पाठवलेलं गॅलरीत दिसणार नाही. पण आलेला फोटो हातानंच काढावा लागतो, आणि गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस पडून राहतो, तोही रिकामा करावा लागतो.

डिलीट करायच्या आधी मात्र तिला विचारा. अक्कांनी विचारलं, "पान ठेवू का पुसून टाकू?" मला वाटलं ती पुस म्हणणार. तिनं लिहिलं, "ठेव. मी वहीतलं फाडून टाकलंय."

म्हणजे ते पान आता फक्त अक्कांच्या फोनवर होतं. त्यांनी माझ्याकडून लॉक्ड फोल्डर करून घेतला, आणि माझ्यासमोर उघडला सुद्धा नाही.

तिच्या आईला मार्क कळले, दोन दिवस घरात अबोला झाला, मग ती आठ दिवस गावी जाऊन आली आणि परत अभ्यासिकेत बसायला लागली. दिवाळीच्या आधी, दुकानात ब्लाऊजची गर्दी असताना, ती एका संध्याकाळी आली, मी तिथंच होते माप द्यायला. गर्दी थोडी कमी झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, ते पान हाय काय गं अजून?"

अक्कांनी फोल्डर उघडून फोन तिच्या हातात दिला, आणि मला म्हणाल्या, चला ताई, चहा ठेवूया. आम्ही दोघी आत गेलो.